‘बघते’ म्हणून फोन ठेवला. आता नाही कसे म्हणू?

*आदरणीय महोदय, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी सुरू केलेले आमचे छोटे वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ दोन पाळ्यांत चालतात आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे, तो एका पाळीत चालतो. दिवाळीपर्यंतचे काम भरलेले आहे. परवा आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाच्या पर्चेसमधल्या साहेबांचा फोन आला: तीन हजार हार्डन केलेल्या पिना, बारा दिवसांत. आमच्याने होणार नाही हे मला कळत होते, पण ते वडिलांच्या वेळचे संबंध असलेले गृहस्थ आहेत, म्हणून ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. त्यांना दुखवायचे नाही. दर वाढवून सांगितला तर ते आपणहून मागे हटतील का? दुसऱ्या कुणाचे नाव सुचवले तर ग्राहक कायमचा जाईल का? आणि दिवाळीनंतरची तारीख द्यायची झाली तर कशी द्यावी? — एक वर्कशॉप चालक, अंबड*

सर्वप्रथम फोन करा, आणि तो आजच करा. हे उत्तर पूर्ण वाचून झाल्यावर केला तरी चालेल, पण उद्यावर टाकू नका. पर्चेसमध्ये बसलेल्या माणसाच्या कानाला ‘बघते’ हा शब्द ‘हो’ असाच ऐकू येतो, त्यातून बोलणारी व्यक्ती पंधरा-वीस वर्षांच्या व्हेंडरच्या घरातली असेल तर अधिकच. तुम्ही फोन ठेवला त्याच वेळी त्यांनी आपल्या कागदावर त्या पिनांसमोर तुमचे नाव लिहिले असणार आणि ते पुढच्या भानगडीकडे वळले असणार. आता त्यांना दुसरीकडे काम द्यायचे झाले तर ड्रॉइंग पाठवणे, दर मागवणे, नमुन्याचे दोन-चार नग करून घेणे आणि त्यांच्या क्वालिटी विभागाने ते तपासून मान्य करणे यात सहज पाच-सहा दिवस जातात. बारांपैकी दोन दिवस संपले आहेत. तुमचा नकार त्यांना आज मिळाला तर ती एक अडचण असेल, पण आठव्या दिवशी मिळाला तर ती फसवणूक वाटेल, आणि तसे वाटण्यात त्यांचे काही चुकणार नाही.

फोनपूर्वी मात्र अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसा. ‘काम भरलेले आहे’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो, पण कोणते मशिन किती तासांनी भरले आहे हे सांगता आले नाही तर समोरचा माणूस दोन प्रश्नांत आपल्याला गुंडाळतो. तुम्ही सायकल टाइम कळवलेला नाही, म्हणून मी साधारण अंदाजाने धरतो. तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा, पिनेच्या दोन्ही बाजूंचे टर्निंग, नग बांधणे-सोडणे धरून, चार मिनिटांत होते. तीन हजार नगांना बारा हजार मिनिटे, म्हणजे 200 तास लागतील. दोन पाळ्यांचे कागदावर सोळा तास होतात, परंतु चहा, जेवण, इन्सर्ट बदलणे, ऑफसेट देणे, पाळी बदलताना होणारी पंधरा मिनिटांची गप्पागोष्टी आणि मधूनच जाणारी वीज वजा केली तर चांगल्या चालणाऱ्या वर्कशॉपातही एका मशिनमागे तेरा तासच हाती लागतात. 200 भागिले 13, म्हणजे एका लेथवर साडेपंधरा दिवस. दोन लेथ लावले तर आठ दिवस.

इथपर्यंत आल्यावर मनात पहिला विचार येतो की एखादे मशिन कसेबसे मोकळे करू, रविवार चालवू आणि काम बसवू. तो विचार फसवा आहे, कारण तुमच्या वर्कशॉपची खरी कुवत लेथवर ठरत नसून त्या एका ग्राइंडरवर ठरते. हार्डनिंग करून आलेली पिन ग्राइंड करायला, मधले मोजमाप आणि व्हीलचे ड्रेसिंग विभागून धरले तर, दीड मिनिट लागते असे समजू. तीन हजार नगांचे 75 तास झाले. ग्राइंडर एका पाळीत खरे साडेसहा तास देतो; म्हणजे साडेअकरा दिवस, आणि तेही त्यावर दुसरे एकही काम नसताना. त्यात हार्डनिंगला बाहेर जाऊन-येऊन तीन दिवस मिळवा. दुसऱ्या पाळीत ग्राइंडर चालवायचा म्हटले तर ग्राइंडिंगचा हात बसलेला माणूस महिन्याच्या बोलीवर मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. थोडक्यात, तुमचे वर्कशॉप पूर्ण रिकामे असते तरीही हे काम बारा दिवसांत बसले नसते. हा हिशेब हाती आला की नकार देताना वाटणारा निम्मा संकोच जातो, कारण आपण जुन्या ग्राहकापेक्षा नव्याला झुकते माप देत आहोत असा जो सल मनात असतो, त्याला काही आधारच राहत नाही.

आता तुमचा दराचा प्रश्न. दर वाढवून सांगण्याची युक्ती जुनी आहे, ती मीही वापरून पाहिली आहे, आणि म्हणूनच तिच्या वाटेला जाऊ नका असे सांगतो. माझे वर्कशॉप सातपूरला होते त्या काळात अशाच भरल्या हंगामात एका ग्राहकाला टाळण्यासाठी मी नेहमीच्या दीडपट दर कळवला आणि निश्चिंत झालो. दुपारी त्यांचा होकार आला. त्यांची असेंब्ली लाइन थांबणार होती, त्यांना त्या आठवड्यात दराशी कर्तव्यच नव्हते. दर मी दिलेला, त्यांनी तो मान्य केलेला, आता कोणत्या तोंडाने मागे फिरणार? ते काम घेतले, ते पाच दिवस उशिरा गेले, त्याच्यापायी दुसऱ्या ग्राहकाचे काम आठ दिवस उशिरा गेले, आणि त्या दुसऱ्याने लावलेल्या डेबिट नोटेत वाढीव दराचे सगळे पैसे निघून गेले. पुढे वार्षिक दर ठरवायला बसलो तेव्हा पहिल्या ग्राहकाने तो कागद समोर ठेवला आणि विचारले की पैसे जास्त मिळाले तर तुमच्याकडे मशिन निघते, मग एरवी का निघत नाही? मला उत्तर देता आले नाही. कुवत नाही हे कारण असेल तर कुवत नाही एवढेच सांगावे. तिला दराचे कपडे घातले की समोरचा दरावर बोलायला लागतो.

खोटे कारणही सांगू नका. मशिन बंद पडले, कामगार गावी गेले, घरी कुणी आजारी आहे, ही कारणे फोनवर सोपी वाटतात. पण अंबड आणि सातपूर एवढे मोठे नाही. हार्डनिंगवाल्याचा टेम्पो तुमच्याकडूनही जातो आणि त्यांच्याकडेही जातो, आणि त्याचा ड्रायव्हर तुमच्या तिन्ही लेथ धडाधड चालू असल्याचे सहज सांगून जातो. त्याचप्रमाणे कोणत्या ग्राहकाच्या कामामुळे मशिन अडकले आहे हेही सांगू नये. एकाच्या कामाची माहिती दुसऱ्याला देणारा व्हेंडर उद्या आपलीही माहिती देईल, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. ‘दिलेल्या तारखांची कामे मशिनवर आहेत’ एवढे पुरे.

फोनवर काय बोलावे याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नकार देताना आधी पाच मिनिटे चौकशी, मग आपल्या अडचणी, मग वडिलांच्या आठवणी आणि शेवटी, जमले तर, नकार असा प्रकार होतो, आणि साहेब तोवर ‘म्हणजे सोमवारी पहिला लॉट देताय ना?’ असे विचारून मोकळे होतात. नमस्कारानंतरच्या दुसऱ्या वाक्यात नकार आला पाहिजे. ‘साहेब, परवा मी बघते म्हटले होते, मी हिशेब करून पाहिला, बारा दिवसांत हे काम आमच्याकडून होणार नाही. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून लगेच फोन केला.’ त्यानंतर लगेच एक प्रश्न विचारा, आणि हा प्रश्न सौजन्यापुरता नाही: ‘तुमच्याकडे शिल्लक किती आहे आणि लाइनला पहिला माल कधी लागतो?’ पर्चेसमधून तीन हजारांचा आकडा येतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन महिन्यांची गरज एकत्र केलेली असते, आणि बारा दिवसांत खरोखर लागणारे नग सात-आठशे किंवा हजार निघतात. हे उत्तर मिळाल्यावाचून तुम्हाला नंतरची तारीखही नीट देता येणार नाही आणि दुसऱ्याचे नावही नीट सुचवता येणार नाही.

ते म्हणतील, ‘अहो, तुमच्या वडिलांनी मला कधी नाही म्हटले नाही.’ हे वाक्य येणारच, त्याची तयारी ठेवा. त्यावर वाद घालू नका, रडकुंडीलाही येऊ नका, आणि वडिलांच्या काळी काय होते याचा हिशेबही मांडू नका. ‘त्यांनी तुम्हाला दिलेली तारीख कधी चुकवली नाही, म्हणून मला जी पाळता येणार नाही ती मी देत नाही’ एवढे म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर या. यावरही ते आग्रह करतील, ‘निदान पाचशे तरी काढा’ म्हणतील. पाचशे नगांना ग्राइंडरचे साडेबारा तास लागतात, म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण दिवस. ते दिवस कोणाच्या कामातून काढायचे याचे उत्तर तुमच्याकडे नसेल तर पाचशेलाही नाहीच म्हणा. अर्धवट होकारातून निघणारा कटकटीचा पाढा पूर्ण नकारापेक्षा लांब असतो.

दिवाळीनंतरची तारीख देताना आपण हमखास एक चूक करतो: भाऊबीज झाली की वर्कशॉप सुरू, असे धरून चालतो. भाऊबीजेनंतर इथली मुले येतात, हे खरे, परंतु उत्तर भारतातले ऑपरेटर छठपूजा करून निघतात आणि ती दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते. त्यानंतरचा प्रवास वेगळा. शिवाय तुमच्याकडे निफाड-दिंडोरीकडची मुले असतील तर ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्यांच्या रजा पडतातच, म्हणजे दिवाळीपूर्वीचे हातातले कामही दोन-तीन दिवस पुढे सरकू शकते. दसऱ्याच्या पूजेला मशिन पुसून, हार घालून अर्धा दिवस उभे राहते, तेही धरा. म्हणून दिवाळी 8 नोव्हेंबरला असेल तर नवीन कामाचा पहिला दिवस 16 नोव्हेंबर, सोमवार, हाच धरावा, 12 नोव्हेंबर नव्हे.

तिथून पुढे मोजा. एका लेथवर काम लावले आणि साडेसातशेचा एकेक लॉट पाडला, तर पहिल्या लॉटच्या टर्निंगला 50 तास, म्हणजे चार दिवस लागतात. 19 तारखेला तो हार्डनिंगला जातो, 23 ला परत येतो आणि ग्राइंडरवर तीन दिवस घेऊन 26 ला तयार होतो. तीन हजारांचे टर्निंग, रविवार सोडून, 3 डिसेंबरपर्यंत चालेल; शेवटचा लॉट हार्डनिंगहून 7 ला येईल आणि 10 ला संपेल. म्हणजे कागदावरच्या तारखा 26 नोव्हेंबर आणि 10 डिसेंबर झाल्या. ग्राहकाला द्यायच्या तारखा 28 नोव्हेंबर आणि 14 डिसेंबर. मधले दोन-चार दिवस सेटिंगला, फर्स्ट पीस मंजुरीला आणि हार्डनिंगवाल्याच्या ‘उद्या नक्की’ला लागतात. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘नोव्हेंबरअखेर’ असली तारीख देऊ नका. असे बोलणे ऐकणारा आपल्या सोयीने पुढे ओढतो आणि आपण आपल्या सोयीने मागे.

ही जागा तुम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवणार, पण फुकट आणि अमर्याद नाही. पैसे मागा असे मी म्हणत नाही. जुन्या ग्राहकाकडे राखण्याचे पैसे मागणे आपल्याकडे बरे दिसत नाही. मात्र दोन गोष्टी ठरवून घ्या. जागा हवी की नको हे त्यांनी अमुक तारखेपर्यंत कळवावे, समजा 10 ऑक्टोबरपर्यंत; आणि माल त्यांचा असेल तर तो व पर्चेस ऑर्डर 13 नोव्हेंबरच्या आत यावी. माल चार दिवस उशिरा आला तर तुमची तारीख चार दिवसांनी आपोआप सरकत नाही, कारण 14 डिसेंबरनंतरचे ग्राइंडर तुम्ही दुसऱ्याला दिलेले असणार. हे आधी सांगितले नाही तर उशीर त्यांचा आणि बोल तुम्हाला असे होते.

फोन झाला की त्याच दिवशी ईमेल गेला पाहिजे, कारण साहेबांनी फोनवर ऐकलेले त्यांच्या वरिष्ठांना, प्लॅनिंगला आणि स्टोअरला जसेच्या तसे पोचत नाही. तुमचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा. मी लिहिले असते तर साधारण असे लिहिले असते:

‘मा. साहेब, सप्रेम नमस्कार. आज दुपारी फोनवर झालेल्या बोलण्यास अनुसरून कळवत आहे. आपण मागितलेल्या 3000 पिनांचे काम 13 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करणे आमच्या ग्राइंडिंग विभागाच्या आधी ठरलेल्या कामांमुळे शक्य होणार नाही. त्यामुळे या तारखेसाठी आम्ही ऑर्डर स्वीकारू शकत नाही, कृपया पर्चेस ऑर्डर पाठवू नये. आपणांस सोयीचे असल्यास हेच काम आम्ही 16 नोव्हेंबरला सुरू करून पहिले 750 नग 28 नोव्हेंबरपर्यंत व उर्वरित 14 डिसेंबरपर्यंत देऊ. दर मागील ऑर्डरप्रमाणेच राहील. ही जागा आम्ही 10 ऑक्टोबरच्या सायंकाळपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवत आहोत; त्यासाठी माल व ऑर्डर 13 नोव्हेंबरपर्यंत मिळणे आवश्यक आहे. तातडीच्या नगांसाठी आपण सांगितल्यास अंबड येथील एका वर्कशॉपची माहिती देऊ शकू. त्यांच्याकडे सध्या मशिन मोकळे असल्याची आम्ही चौकशी केली आहे. परवा निश्चित उत्तर न देता दोन दिवस गेले, याबद्दल दिलगीर आहे.’

या पत्रात दिलगिरी एकदाच आहे आणि ती उशिराबद्दल आहे, नकाराबद्दल नाही, याकडे लक्ष द्यावे. ‘आम्हाला समजून घ्याल’, ‘आपली सेवा करण्याची संधी’, ‘क्षमस्व’ अशी वाक्ये चार ठिकाणी पेरली की वाचणाऱ्याला वाटते, अजून थोडा जोर लावला तर होईल. ‘पर्चेस ऑर्डर पाठवू नये’ हे वाक्य तुम्हाला तुटक वाटेल, पण ते काढू नका. त्याचे कारण पुढे येते.

दुसऱ्याचे नाव सुचवण्याबाबत तुमच्या मनात भीती आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. ग्राहक जातातही. पण तुम्ही नाव सुचवले नाही म्हणून ते पिना करून घ्यायचे थांबणार नाहीत. ते स्वतः शोधतील आणि ज्याला शोधतील त्याच्याशी तुमचा काहीही संबंध नसेल. तुम्ही सुचवलेला माणूस निदान तुमच्या ओळखीचा असतो, आणि उद्या त्याचा ग्राइंडर भरलेला असेल तेव्हा तोही तुमचे नाव सांगतो. अंबडमधल्या कित्येक छोट्या वर्कशॉपांची निम्मी कामे अशीच फिरत आलेली आहेत.

मात्र सुचवण्याआधी स्वतः त्याला फोन करा आणि आज मशिन मोकळे आहे का, ग्राइंडर आहे की बाहेरून करतो, या व्यासाला आणि या टॉलरन्सला लागणारे गेज त्याच्याकडे आहे का, एवढे विचारा. ग्राहकाने फोन करावा आणि त्यानेही ‘बघतो’ म्हणावे, यासारखी शोभा नाही. विचारताना ग्राहकाचे ड्रॉइंग मात्र व्हॉट्सॲपवर पुढे ढकलू नका. ड्रॉइंग ग्राहकाचे आहे, ते त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याच्या हाती देण्याचा तुम्हाला अधिकार नाही, आणि अनेक कंपन्यांच्या व्हेंडर करारात तसे स्पष्ट लिहिलेलेही असते. ‘हार्डन केलेली पिन, साधारण अमुक व्यास, अमुक नग’ एवढ्यावर चौकशी होते. पुढचे ते दोघे बोलतील. ग्राहकाला नाव देताना ‘यांच्याकडे मशिन आहे, कामाची खात्री तुमच्या क्वालिटीने करून घ्यावी’ असे म्हणा; ‘माझ्यासारखेच समजा’ म्हणू नका, नाहीतर तिकडच्या रिजेक्शनचा फोन तुमच्याकडे येईल. आणि मधले काही टक्के घेणार असाल तर ते ग्राहकाला माहीत असले पाहिजे. मी तर म्हणेन, घेऊच नका.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत बरा वाटणारा मार्ग हा आहे की ग्राहकाला बारा दिवसांत खरोखर लागणारे, समजा हजार, नग दुसऱ्या वर्कशॉपकडून जावेत आणि उरलेले दोन हजार दिवाळीनंतर तुम्ही करावेत. साहेबांचे काम अडत नाही आणि त्या पिनेचे तुमचे नाव त्यांच्या यादीतून जात नाही. ही वाटणी ग्राहकाने दोन वेगळ्या ऑर्डरींनी करावी, दोघांच्या मालाचे लॉट वेगळे ठेवावेत, म्हणजे पुढे एखादी पिन तुटली तर कोणाची ते कळेल. काही जण इथे तिसरा रस्ता काढतात: ऑर्डर स्वतःच्या नावावर घ्यायची, गुपचूप दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि आपल्या चलानावर पाठवायची. वाहन उद्योगाच्या मालात तर हे मुळीच करू नये. तिथे मान्यता मशिन, प्रक्रिया आणि जागा यांसकट दिलेली असते, ग्राहकाला न कळवता जागा बदलली की ती मान्यता धोक्यात येते, आणि हे उघडकीला येते ते नेहमी वाईट दिवशी, म्हणजे तक्रारीची चौकशी करायला त्यांची माणसे तुमच्या दारात उभी असताना.

आता त्या तुटक वाक्याबद्दल. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे, त्यात नुसते गप्प बसणे म्हणजे स्वीकार असे सर्वसाधारणपणे धरत नाहीत. पण आठव्या कलमानुसार प्रस्तावाबरोबर आलेला मोबदला घेतला किंवा प्रस्तावात सांगितलेली कृती केली, तर तो स्वीकार ठरतो. त्यातून कित्येक कंपन्यांच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, इतक्या दिवसांत हरकत कळवली नाही तर ऑर्डर मान्य समजू असे छापलेले असते. तुमच्या नकाराची खबर प्लॅनिंगपर्यंत पोचण्याआधी तिकडून ऑर्डर सुटली, तर तिलाही त्याच दिवशी उत्तर द्या: ‘आमच्या अमुक तारखेच्या ईमेलप्रमाणे ही ऑर्डर या तारखांना स्वीकारलेली नाही.’ आगाऊ रक्कम खात्यावर आली तर ती परत पाठवा किंवा निदान तसे लेखी कळवा.

आणि गेटवरच्या वॉचमनला आजच सांगून ठेवा. माझ्याकडे एकदा असेच झाले होते. मी फोनवर नाही म्हटले, ईमेलही केला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या ग्राहकाच्या स्टोअरमधून बारचा टेम्पो आला, कारण स्टोअरला कुणी कळवलेच नव्हते. मी यायचो नऊला. वॉचमनने नेहमीच्या सवयीने माल उतरवून घेतला, चलानाच्या प्रतीवर ‘माल मिळाला’ लिहून सही-शिक्का मारला, आणि पहिल्या पाळीच्या सुपरवायझरने, हुशार माणूस, लेथ थोडा वेळ मोकळा दिसला म्हणून दोन बार कापायलाही घेतले. मी पोचलो तेव्हा तिथे कापलेले चाळीस तुकडे होते आणि ईमेलमधला माझा नकार कागदावरच राहिला होता. ते काम मला करावे लागले. तेव्हापासून नकाराचा ईमेल गेला की त्याची एक प्रत सुपरवायझरच्या टेबलावर आणि गेटच्या वहीत एक ओळ, ‘अमुक कंपनीचा टेम्पो आल्यास माल उतरवण्याआधी शेठना फोन करणे’, असा माझ्याकडे रिवाज पडला. तुमच्या वहीत ‘शेठना’च्या जागी ‘ताईंना’ लिहा.